यंत्राने काढून टाकलेल्या चित्रासाठी अपील करताना नेमके काय लिहावे

समाजमाध्यमाच्या स्वयंचलित तपासणीने एखादे चित्र चुकीने काढून टाकले की बहुतेक लोक अपिलात आपला संताप लिहितात. संताप रास्त असतो, पण अपील वाचणाऱ्या माणसाला निर्णय बदलण्यासाठी जे हवे असते ते त्यात नसते. यंत्राला काय दिसले नाही, हे त्याला कळायला हवे.

ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधील एका व्यक्तीने इन्स्टाग्रामवर स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारे चित्र टाकले. त्यात आठ छायाचित्रे होती, प्रत्येकासोबत लक्षणाचे वर्णन होते आणि चित्रावर पोर्तुगीज भाषेत उद्देशही लिहिलेला होता. त्यांपैकी पाच छायाचित्रांत स्तनाग्रे उघडी दिसत होती. यंत्राने तेवढेच ओळखले आणि नग्नतेच्या नियमाखाली पोस्ट काढली, जरी त्याच नियमात स्तनांच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीला स्पष्ट सूट होती. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे आजच्या मेटाच्या, अशा निर्णयांची फेरतपासणी करणाऱ्या ओव्हरसाइट बोर्ड या स्वतंत्र मंडळाने प्रकरण विचारार्थ घेतल्यावर कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत आणली आणि जानेवारी २०२१ मध्ये बोर्डाने मूळ निर्णय रद्द ठरवला. चित्रावरचे शब्द यंत्राला ओळखता आले नाहीत, हे या चुकीचे मूळ होते.

अशा चित्रासाठी मी अपील लिहिले असते, तर ते साधारण असे असते: “ही पोस्ट प्रौढ नग्नतेच्या नियमाखाली काढली आहे. चित्रातील आठपैकी पाच छायाचित्रांत स्तनाग्रे दिसतात. परंतु प्रत्येक छायाचित्र कर्करोगाचे एक लक्षण दाखवते आणि त्याचे नाव खाली पोर्तुगीजमध्ये लिहिले आहे. शीर्षकाचा अर्थ ‘स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे ओळखा’ असा आहे. याच नियमात आरोग्यविषयक जागृतीसाठी सूट आहे. कृपया पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या व्यक्तीकडून शीर्षक आणि मजकुरासह पुन्हा तपासणी करावी.”

यातले दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आक्षेपार्ह ठरलेली गोष्ट चित्रात खरोखरच असेल, तर ती प्रथम आपणच सांगावी. “माझ्या चित्रात काहीही गैर नाही” असे लिहिले आणि तपासणाऱ्याला समोर स्तनाग्रे दिसली, तर पुढचे वाक्य वाचण्याआधीच त्याचा विश्वास उडतो. उलट, जे दिसते ते मान्य करून ते तिथे का आहे हे सांगितले, की विचार सुटीच्या कलमाकडे वळतो, आणि आपला खरा दावा तिथेच असतो. म्हणून अपील करण्याआधी सूचनेत नाव असलेला नियम उघडून शेवटपर्यंत वाचावा. सूट त्यात कुठेही असू शकते. चित्रावरील मजकूर दुसऱ्या भाषेत असेल, तर त्याचा अर्थ सोप्या शब्दांत द्यावा. चित्र दुसऱ्याच्या संग्रहातले असेल, तर त्याचा स्रोत नोंदवावा. इतरांच्या तशाच पोस्ट अजून दिसत आहेत, हा युक्तिवाद मात्र टाळावा, कारण त्याने आपल्या चित्राविषयी काहीच सिद्ध होत नाही.

काही ठिकाणी लिहायला जागाच मिळत नाही, केवळ कारणांच्या यादीतून एक निवडावे लागते. तिथे आपल्या सुटीला सर्वांत जवळचे कारण निवडावे. सूचनेचा स्क्रीनशॉट, पोस्टचा दुवा आणि मूळ मजकूर अपील करण्यापूर्वी जपून ठेवावा. निकाल येईपर्यंत तेच चित्र पुन्हा टाकू नये, कारण ते पुन्हा काढले जाऊ शकते आणि खात्यावर आणखी एका उल्लंघनाची नोंद होऊ शकते.

अपील मान्य झाले, तरी तेच चित्र इतरांच्या खात्यांवरून काढून टाकले जात राहू शकते. कोलंबियातील पोलीस हिंसेवरचे एक व्यंगचित्र मेटाच्या जुळणी-संग्रहात, म्हणजे ज्यांच्याशी जुळणारी चित्रे यंत्र आपोआप काढून टाकते अशा चित्रांच्या साठ्यात, चुकून गेले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये टाकलेली पोस्ट यंत्राने जानेवारी २०२२ मध्ये काढली. ते काढून टाकल्याबद्दल २१५ लोकांनी अपील केले आणि त्यांपैकी ९८ टक्के अपिले यशस्वी झाली, तरी प्रकरण बोर्डापर्यंत जाईतो चित्र संग्रहातून हटले नव्हते. त्यामुळे आपल्या चित्राच्या इतर प्रतीही काढून टाकल्या जात असल्याचे माहीत असेल, तर अपिलात एक वाक्य जोडावे: “हेच चित्र इतरांच्या खात्यांवरूनही काढून टाकले जात आहे, कृपया ते जुळणी-संग्रहात आहे का हे तपासावे.” अपील फेटाळले गेले आणि मेटाने बोर्डाकडे जाण्यासाठी संदर्भ क्रमांक दिला असेल, तर तो लगेच टिपून घ्यावा, कारण बोर्डाकडे अर्ज करायला निर्णयानंतर १५ दिवसच मिळतात.