‘पातळ होतंय, गोळी द्या’ : त्या मेसेजला उत्तर

‘प्रत्येक घरात पाठवा. म्हातारपणी शौचावरचा ताबा जाणं हा वयाचा भाग आहे, त्यावर औषध नाही. १) सारखं पातळ गळत असेल तर आधी ते बंद करा. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी, रोज कच्ची केळी उकडून, पाणी निम्मं. २) बाळंतपणात फाटलेलं वर्षभरात आपोआप भरतं, दवाखाना नको. ३) लघवी मध्येच थांबवायचा व्यायाम दिवसातून शंभरदा. ४) नाहीतर डायपर आणि ऑपरेशन.’

हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या किती ग्रुपांवर फिरतोय कोण जाणे. अमळनेरजवळच्या माझ्या मावशीच्या घरी तो पोचला आणि त्यातला पहिला उपाय तिच्यावर झाला, म्हणून हे लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, फार उशिरा येतात.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलणार, कारण तो माणसाला थेट आजारी पाडतो.

मावशी सत्तरीच्या पुढची. पडून मनगट मोडलं, तेव्हापासून दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, सोबत कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. तिन्ही पोट बांधणाऱ्या. त्यात रात्री उठावं लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते. आठवडाभर पोट साफ झालं नाही आणि मग दिवसभर थोडं थोडं तपकिरी पाणी गळू लागलं. लुगडं खराब झालेलं तिला कळायचंसुद्धा नाही. घरच्यांनी जुलाब समजून गोळी दिली, केळी दिली, पाणी आणखी तोडलं. वहिनीचा फोन आला तो असा: ‘ताई, गोळी देऊनही थांबत नाहीये, आणि आता पोट दगडासारखं झालंय, लघवीही नीट होत नाही.’

मी विचारलं, शेवटचं घट्ट शौच कधी झालं? कोणालाच आठवेना. तिथेच उत्तर होतं.

हे जुलाब नव्हतेच. गुदाशयात वाळलेल्या शौचाचा गोळा अडकला होता. गोळा मोठा झाला की गुदाशय ताणला जातो, तिथली जाणीव बोथट होते आणि आतला स्नायू सैल पडतो. मग वरून येणारं पातळ द्रव गोळ्याच्या कडेने झिरपत बाहेर पडतं, पाटात दगड अडकल्यावर पाणी बाजूने वाट काढतं तसं. अशा वेळी आतडी मंदावणारी गोळी देणं म्हणजे गोळा आणखी वाळवणं. मोठा गोळा पुढच्या बाजूला मूत्राशयावरही दाबतो, लघवी अडली ती त्यामुळेच.

घरी ओळखायचं कसं? पातळ थोडं थोडं आणि वारंवार येतं, कळ आल्याची जाणीव नसते, आधीचे काही दिवस शौच झालेलं नसतं किंवा नुसते खडे पडलेले असतात, भूक मरते, पोट फुगतं. खात्री मात्र डॉक्टरांच्या हातमोज्यातल्या बोटानेच होते. एका मिनिटाची तपासणी. लाजेपायी ती टाळतात आणि नुसतं ऐकून औषध लिहून घेतात.

मावशीच्या डॉक्टरांनी ती केली. आधी एनिमा देऊन गोळा मऊ केला, मग जेल लावून बोटाने थोडा थोडा काढला. हे घरी करू नका, इजा होते. नंतर पाण्यात मिसळून घ्यायची पॉलिथिलीन ग्लायकॉलची पूड काही दिवस दिली, ट्रॅमाडॉल बंद करून पॅरासिटामॉलवर आणलं. आता सकाळचा चहा-नाश्ता झाला की वीस-तीस मिनिटांत ती कमोडवर बसते, पायाखाली पाट, अंग थोडं पुढे. खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. गळणं थांबलं. इसबगोल मात्र तेव्हा द्यायचं नसतं. आत गोळा असताना, आणि पाणी कमी असताना तर ते त्यातच भर घालतं.

कच्च्या केळ्याने पातळ शौच आवळतं, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड, हीसुद्धा खरोखर सैल शौचामुळे ताबा जाणाऱ्यांना डॉक्टर देतातच. पण आत गोळा नाही, ताप नाही, रक्त पडत नाही हे पाहून. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट सैल झालं असेल तर ते औषध किंवा त्याचा डोस बदलूनही भागतं. त्यासाठी आधी कारण शोधावं लागतं.

वयाचा भाग, औषध नाही, हे तर साफ चूक. वयाने स्नायू ढिले पडतात, इतकं मान्य. पण डॉक्टरांसाठी उपचाराचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २००७ची मार्गदर्शिका सांगते की ताबा जाणं हे लक्षण आहे, निदान नव्हे. आणि आधी बरी होणारी कारणं हुडका. त्या यादीत अडकलेलं शौच आहे, जुलाबाची कारणं आहेत, बाहेर येणारं गुदाशय आणि मोठे मूळव्याध आहेत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या खुणा आहेत, बाळंतपणातली इजा आहे. ‘वय’ म्हणून हात झटकायला त्यात जागाच नाही.

आता बाळंतपण. गुदद्वाराभोवतीच्या स्नायूपर्यंत फाटलं असेल तर ते ‘आपोआप भरतं’ असं लिहिणाऱ्याने एकदा तरी अशी बाळंतीण पाहिली आहे का? पहिलं बाळंतपण, चिमटा लावून बाळंतपण, चार किलोच्या वरचं बाळ, यात असं फाटण्याची शक्यता वाढते. बाळ झाल्यावर लगेच बोटाने तपासून, ऑपरेशन थिएटरमध्ये त्या स्नायूचे टाके पडले पाहिजेत. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या आकड्यांप्रमाणे असे टाके पडलेल्या १०० पैकी ६० ते ८० जणींना वर्षभराने त्रास उरत नाही. म्हणजे भरतं खरं, पण शिवल्यावर. टाके राहून गेले असतील तर पहिली खूण बहुधा ही: वायू रोखता येत नाही, किंवा कळ आली की धावत जावं लागतं. माहेरी असतानाच आईला, वहिनीला हे सांगा आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. गुदमार्गाच्या सोनोग्राफीत स्नायूतली फट दिसते. त्रास उरला असेल तर पुढचं बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, याचा निर्णय ती फट पाहून होतो.

व्यायाम चांगला आहे, मेसेजातली पद्धत वाईट. रोज लघवी मध्येच थांबवली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. कुशीवर पडा किंवा खुर्चीवर बसा. वायू रोखायचा असल्यासारखं गुदद्वार आवळून आत-वर ओढा. सुरुवातीला तीन-चार सेकंद, हळूहळू दहापर्यंत. तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, मग दहा वेळा झटपट आवळा-सोडा. दिवसातून तीनदा. श्वास रोखला गेला किंवा कुल्ले, मांड्या ताठ झाल्या तर चुकतंय. बरोबर जमलं तर बाहेरून बोट ठेवल्यावर गुदद्वार आत ओढलं गेल्याचं कळतं. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. आत गोळा असेल तर आधी तो काढावा लागतो. फाटलेली फट व्यायामाने सांधली जात नाही, उरलेला स्नायू बळकट होतो.

डायपर वापरायला हरकत नाही, फक्त ओला लगेच बदला, साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. ऑपरेशन शेवटी येतं. स्नायू शिवल्याचा गुण वर्षांगणिक कमी होऊ शकतो, आणि कमरेतल्या नसेला यंत्राने चालना देण्याचा उपाय महाग आहे.

जांघेत, बसायच्या जागी अचानक बधिरपणा, पायात कमजोरी आणि लघवी अडणं हे ताबा जाण्यासोबत आलं, तर मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात. तेव्हा व्यायाम नाही, गोळी नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. शौचात रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.