तेलाचं नाव न काढता महायुद्ध कसं शिकवावं

गेल्या आठवड्यात भाचीचा इतिहासाचा पेपर तपासून आला. प्रश्न होता, पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, का गेले? पोरीने लिहिलं, 'इराणच्या आबादानमधली तेलाची रिफायनरी सांभाळायला.' त्यावर लाल काट, आणि बाजूला शेरा: 'विषयांतर. तुर्कस्तान युद्धात उतरला म्हणून.' तीनपैकी अर्धा मार्क. बहुधा अक्षराचा.

तेव्हा इतिहास शिकवणाऱ्यांच्या सोयीसाठी चार सूचना करतो.

महायुद्धाचं कारण म्हणून साराजेव्होला झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून सांगावा आणि फळा पुसावा.

तारखा एकमेकींशेजारी बसवू नयेत, त्या आपसात बोलायला लागतात. १९०८ साली इराणमध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. तिकडे ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळत होतं, आणि इंग्लंडच्या पोटात कोळसा चिक्कार, तेल जवळपास नाहीच. म्हणून ब्रिटिश सरकारने बावीस लाख पौंड मोजून त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घ्यायचं ठरवलं. पार्लमेंटात त्यावर मतदान झालं १७ जून १९१४ रोजी, म्हणजे साराजेव्होच्या खुनाच्या अकरा दिवस आधी. असल्या गोष्टी मुलांना कळल्या तर पुढे प्रश्न विचारतात.

फौज कुठून आली, हेही सांगू नये. कारण सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं. तिची पहिली ब्रिगेड मुंबईहून जहाजात बसली ती ऑक्टोबर १९१४ च्या मध्यावर, आणि २३ तारखेला बहरीनला पोचून नांगर टाकून थांबली. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबरला. दुसऱ्याच दिवशी फौज शत-अल-अरब नदीच्या मुखाशी, फावला उतरली. आबादान तिथून जवळच. मान्य, काम एवढंच नव्हतं. आखाताकाठच्या अरब शेखांना धीर द्यायचा होता, बसरा घ्यायचं होतं. पण तेलाची राखण त्यात होतीच. फेब्रुवारी १९१५ मध्ये टोळीवाल्यांनी आबादानला तेल नेणारी पाइपलाइन फोडली, तेव्हा लगेच अहवाझकडे सैन्य धावलं ते काय खजुरांसाठी? त्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. पुढे वरिष्ठांना बगदादचा मोह झाला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे क्टेसिफोनला तुर्कांचा मार खाल्ला. तिथले जखमी कसे परत आले माहीत आहे? खेचरं जोडलेल्या, स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांवर घालून. मोटारीच्या युगाचं तेल राखायला नेलेल्या माणसांना एक मोटार मिळाली नाही! मग मागे हटलेल्या फौजेला कुत अल-अमारा गावात वेढा पडला, जवळपास पाच महिने. घोडी कापून खायची वेळ आली. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. सेनापती टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात, आणि शिपाई वाळवंटातून पायी, वाटेत मरत. वाळूचे कण रगडून तेल गाळायचं ते असं.

नकाशा दाखवायचाच असेल तर उत्तर इराकातल्या मोसुलवर बोट ठेवावं, म्हणजे ते दिसणार नाही.

आणि आदर्श ठेवावा लॉर्ड कर्झनचा. हो, बंगालची फाळणी करणारेच. नोव्हेंबर १९१८ मध्ये हेच गृहस्थ जेवणावळीत म्हणाले, दोस्त राष्ट्रं तेलाच्या लाटेवर तरंगत विजयाला पोचली. ट्रक, विमानं, जहाजं, सगळं तेलावर चाललं होतं. म्हणाले ते खरंच. पण तुर्कस्तानशी तह करायला भरलेल्या लोझानच्या परिषदेत मोसुल तुर्कस्तानचं की इराकचं हा वाद निघाला, तेव्हा १९२३ च्या जानेवारीत त्यांनीच ठणकावलं की माझ्या म्हणण्याशी तेलाचा काही संबंध नाही! मोसुल ब्रिटिशांनी घेतलं होतं तेही ३० ऑक्टोबर १९१८ च्या युद्धबंदीनंतर. मार्च १९२५ मध्ये इराकने तेल कंपनीला शोधाचा परवाना दिला. सीमेचा निकाल राष्ट्रसंघाने दिला त्याच डिसेंबरात. म्हणजे तेलाचा करार आधी, देशाची हद्द मागाहून. १९२६ च्या तहात तुर्कस्तानला पंचवीस वर्षं तेलाच्या रॉयल्टीतला दहा टक्के हिस्सा मिळाला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. मोसुल भागातल्या कुर्दांना ते धुपाटणंही नाही. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेलाचं कारंजं उडालं. संबंध नाही, बरं का.

पुरे झालं. बाई, तुम्ही तो पेपर नीट वाचला नाहीत. पलटण निघाली तेव्हा तुर्कस्तान युद्धात नव्हता, मग तुर्कस्तानमुळे ती निघाली कशी? तुमच्या गाइडात एक ओळ छापली आहे म्हणून पोरीचं बरोबर उत्तर कापलंत. तेरा वर्षांच्या मुलीने कारण शोधलं आणि तुम्ही तिला पाठांतराला बसवलंत. सोमवारी येतोय मी शाळेत. राहिलेले अडीच मार्क काढून ठेवा.