पाठीवर सही केली म्हणून हात झटकता येत नाहीत

"विपत्राच्या मागे सही करून ते धनकोला देऊन टाकलं की आपण मोकळे. मुदत भरताना आदेशितीकडे पैसे नसतील तर तो आणि धनको बघून घेतील. त्याच विपत्रावरची तारीख पुढे करायची, व्याज वाढवून लिहायचं, झालं नूतनीकरण! ते व्याज ज्याच्या हातात विपत्र, त्याचं. आणि नूतनीकरण म्हणजे अनादर नव्हे, म्हणून आपल्या वहीत एकही नोंद नाही. क्लासवाले उगाच पानभर नोंदी लिहून घेतात."

हा मेसेज माझ्याकडे तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो पुसला. चौथ्यांदा माझ्या पुतणीने आणला. ती कॉमर्सला आहे. "काका, एवढं सोपं असेल तर आम्ही पानभर का लिहितो?" असं म्हणाली, आणि वहीत खरंच एकही नोंद न करता उदाहरण सोडवून बसली होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी एक उदाहरण घेऊ म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. माधवने किरणला ४०,००० रुपयांचा माल उधार विकला. ५ जानेवारीला माधवने तीन महिन्यांचं विपत्र काढलं, म्हणजे तीन महिन्यांनी ४०,००० द्यावेत असा लेखी आदेश किरणवर काढला, आणि किरणने तो स्वीकारला. मेसेजमधला आदेशिती म्हणजे इथे किरण. मुदत ५ एप्रिलला भरते, त्यात सवलतीचे तीन दिवस धरले की देय तारीख ८ एप्रिल. इकडे माधव स्वतः सुलभाताईंचं ४०,००० देणं लागत होता. म्हणून त्याने २० जानेवारीला विपत्र उलटं करून पाठीवर "सुलभाताईंना किंवा त्या सांगतील त्यांना द्यावे" असं लिहून खाली सही केली आणि ते त्यांच्या हाती दिलं. पृष्ठांकन म्हणतात ते एवढंच.

या सहीने माधव मोकळा झाला का? १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम उघडून बघा. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडलेला नाही हे पहिल्याच वाक्यात कळतं. कलम ३७ म्हणतं की वेगळा करार नसेल तर विपत्र स्वीकारणारा हा मुख्य ऋणको, आणि त्यावरचे बाकीचे सगळे त्याचे जामीन. म्हणजे माधवने पाठीवर सही केली तेव्हा तो बाहेर पडला नाही, किरणचा जामीन म्हणून सुलभाताईंसमोर उभा राहिला. किरणने पैसे दिले नाहीत आणि सुलभाताईंनी माधवला वेळेत तसं कळवलं, तर कलम ३५ प्रमाणे त्यांचं नुकसान माधवला भरून द्यावं लागतं. म्हणूनच ३१ मार्चचा ताळेबंद करताना, विपत्र हातात नसलं तरी माधव त्याखाली ४०,००० चं संभाव्य देणं म्हणून टीप देतो. आठ दिवसांनी ते त्याच्यावर उलटू शकतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सही करताना "माझ्यावर परत येऊ नये" अशा अर्थाची अट लिहिली आणि घेणाऱ्याने ती चालवून घेतली, तर सही करणारा खरंच मोकळा होतो. पण स्वतःची येणी सोडून असा कागद घेणारा धनको मला आयुष्यात भेटलेला नाही.

आता तारखेबद्दल. मेसेजमधली ही सगळ्यात घातक ओळ आहे, आणि तिच्यात मरतो तो मेसेज पाठवणारा नव्हे, मरतात सुलभाताई. समजा किरण थेट त्यांच्याकडे गेला, "दोन महिने द्या, व्याज घ्या" म्हणाला, आणि त्यांनी एप्रिल खोडून जून केला. तारीख हा विपत्राचा गाभा. अशा महत्त्वाच्या फेरफाराबद्दल कलम ८७ सांगतं की ज्याने त्याला संमती दिली नाही, त्याच्याविरुद्ध ते विपत्र शून्य. आणि याच्या पुढची ओळ फार थोडे लोक वाचतात. ज्याच्या नावे पृष्ठांकन झालं त्यानेच फेरफार केला, तर त्याला विपत्र देणारा मूळ मोबदल्याच्या जबाबदारीतूनही सुटतो. म्हणजे माधवने जे ४०,००० देणं फेडायला विपत्र दिलं होतं, ते देणंही सुलभाताई त्याच्याकडे मागू शकत नाहीत. दोन महिन्यांचं व्याज मिळवायला निघाल्या आणि माधवकडची मुद्दलाची वाट बंद करून बसल्या.

कागदाला हात न लावता नुसती मुदत वाढवून दिली तरी गोम राहतेच. जामिनाला न विचारता मुख्य ऋणकोला मुदत दिली की जामीन सुटतो, हा १८७२ च्या करार कायद्यातला कलम १३५ चा नियम. विपत्रालाही तो लागू आहे, मात्र १८८१ च्याच अधिनियमाचं कलम ३९ एक पळवाट ठेवतं. मुदत देताना "माधवकडे मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते" असं सुलभाताईंनी स्पष्ट म्हटलं, तर माधव सुटत नाही. न म्हटलं तर सुटतो. तेव्हा "आपण मोकळे" हे वाक्य एका परिस्थितीत खरं ठरतं, फक्त मेसेज सांगतो त्या कारणाने नाही. माधव मोकळा होतो तो सही केल्यामुळे नव्हे, तर सुलभाताईंनी त्याला न विचारता सवलत दिल्यामुळे.

मी उमेदवारी करत होतो तेव्हा असा एक कागद पाहिलाय. '४' चा '६' केलेला, आणि शाई वेगळी. वकिलांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, खाली ठेवला आणि पक्षकाराला एकच विचारलं, "हे कुणी केलं?" पक्षकार म्हणाला, "मीच." पुढची चर्चा फार वेळ चालली नाही.

मग नूतनीकरण करायचं कसं? जुनं विपत्र रद्द करायचं आणि नवं काढायचं. दोन वेगळे कागद, नव्याला नवा स्टँप आणि किरणची नवी स्वीकृती. ८ एप्रिलला किरणने माधवला गाठलं. १०,००० रोख दिले, उरलेल्या ३०,००० साठी दोन महिन्यांची मुदत मागितली आणि दरसाल १२ टक्के व्याज कबूल केलं. व्याज उरलेल्या रकमेवर. ३०,००० वर दोन महिन्यांचे ६०० रुपये. पुतणीने ४०,००० वर काढून ८०० लिहिले होते. रोख दिलेल्या दहा हजारांवर किरणने व्याज का द्यावं, एवढा एकच प्रश्न विचारला आणि तिने ते स्वतःच खोडलं. नवं विपत्र ३०,६०० चं, दोन महिन्यांचं, सवलतीचे दिवस धरून देय तारीख ११ जून.

पण जुनं विपत्र आहे सुलभाताईंकडे. माधवला ते आधी परत घ्यावं लागतं, आणि मेसेज ज्यांना "उगाच" म्हणतो त्या नोंदी इथेच जन्माला येतात. माधवच्या रोजकीर्दीत पहिली नोंद किरणच्या खात्यावर नावे ४०,००० आणि सुलभाताईंच्या खात्यावर जमा ४०,०००. मुलं इथे हमखास प्राप्य विपत्र खातं, म्हणजे ज्यांचे पैसे यायचे आहेत त्या विपत्रांचं खातं, जमा करतात. ते खातं २० जानेवारीला पृष्ठांकनाच्या वेळीच जमा होऊन गेलंय. आता पुन्हा जमा केलं तर नसलेलं विपत्र दुसऱ्यांदा घालवल्यासारखं होईल आणि खात्याची बाकी उलटी दिसेल. चूक ओळखायची सोपी खूण तीच. दुसरी नोंद किरणच्या खात्यावर नावे ६००, व्याज खातं जमा ६००. तिसरी रोख नावे १०,०००, प्राप्य विपत्र नावे ३०,६००, आणि किरण जमा ४०,६००. किरणचं खातं दोन्ही बाजूंनी ४०,६०० वर मिळतं. चौथ्या नोंदीत सुलभाताईंना बँकेतून ४०,००० दिले की त्यांचंही खातं बंद. या चार नोंदी केल्या नाहीत तर माधवच्या वहीत किरणने पैसे दिलेत असं दिसत राहतं, सुलभाताईंचंही देणं फिटलेलं दिसतं, आणि खऱ्या जगात दोन्ही खोटं असतं.

अनादर म्हणजे मुदतीला विपत्राचे पैसे न मिळणं. त्याबद्दलचं मेसेजमधलं विधान अर्धं खरं आहे. ठरवून नूतनीकरण झालं तर विपत्र कुणी वसुलीला दाखल करत नाही, नोटरीकडे नोंद करायला जावं लागत नाही, त्याचा खर्चही नाही. त्या अर्थाने अनादर नाही. पण जमाखर्चाला त्याने काय फरक पडतो? जुना कागद मेला, म्हणून नोंद अनादराचीच होते. फक्त नोटिंगच्या खर्चाची ओळ तेवढी गळते.

राहिलं व्याज कुणाचं. वरच्या उदाहरणात माधवने सुलभाताईंचे पैसे ८ तारखेलाच दिले, म्हणजे पुढचे दोन महिने पैसे माधवचे अडकले. ६०० त्याचे. आता समजा माधवकडेही ४०,००० नव्हते. त्याने किरणचे १०,००० सुलभाताईंना दिले आणि ३०,६०० चं नवं विपत्रही त्यांच्याच नावे पृष्ठांकित केलं. तेव्हा अडकतात सुलभाताईंचे पैसे, आणि ते ६०० त्यांना जातात. म्हणून चौथ्या नोंदीऐवजी माधव व्याज खातं नावे ६००, सुलभाताई जमा ६०० करतो, आणि मग सुलभाताई नावे ४०,६००, रोख जमा १०,०००, प्राप्य विपत्र जमा ३०,६००. माधवच्या व्याज खात्याची बाकी शून्य. मेसेजवाल्याने कुठेतरी हे शून्य पाहिलं असावं आणि नोंदच नसते असं समजून घेतलं असावं. ६०० आले आणि ६०० गेले, म्हणून शून्य. शिवाय पाठीवर माधवची सही पुन्हा आहेच, त्यामुळे ११ जूनपर्यंत त्याचं जामीनपणही पुन्हा चालू.

पुतणीने शेवटी विचारलं, जूनमध्येही किरणने हात वर केले तर त्याच्या खात्यावर नावे किती, ३०,००० की ३०,६००? ३०,६००. व्याज नव्या विपत्राच्या रकमेत गेलं तेव्हाच ते किरणचं देणं झालं. तिने ते लिहून घेतलं, मग जुनं उदाहरण पुन्हा काढलं आणि या वेळी पहिली ओळ किरणच्या नावाने सुरू केली.