बीटल्स फुटले ते कशामुळे?

"योको ओनो आली आणि तिनं बीटल्स फोडला."

जॉन लेननच्या या बायकोबद्दल असं सर्रास म्हटलं जातं. पण हे खरं नाही, आणि एका बाईवर इतकी वर्षं हा ठपका राहावा याचं वाईट वाटतं. दौऱ्यांना कंटाळून बँडमधल्या चौघांनी, म्हणजे लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांनी, ऑगस्ट 1966 मध्येच जाहीर कार्यक्रम थांबवले होते. चाहत्यांच्या किंचाळण्याच्या गदारोळात त्यांना स्वतःचं वाजवणंही ऐकू येत नसे. वर्षभरात मॅनेजर ब्रायन एपस्टाईन वारला आणि व्यवहार सांभाळणारं कुणी उरलं नाही. जानेवारी 1969 मध्ये जॉर्ज हॅरिसन तालीम अर्धवट टाकून काही दिवस निघून गेला, कारण त्याच्या गाण्यांना जागाच मिळत नव्हती.

खरी गाठ मात्र पैशात होती. नवा मॅनेजर म्हणून लेनन, हॅरिसन आणि रिंगो यांना ॲलन क्लाइन हवा होता. मॅकार्टनीला आपले सासरे, वकील ली ईस्टमन हवे होते. तिघांनी क्लाइनला नेमलं. त्यात 1967 च्या भागीदारी करारानुसार, गीतलेखनाचं उत्पन्न सोडलं, तर एकट्यानं काढलेल्या रेकॉर्डची कमाईही सामाईक खात्यात जायची. म्हणजे बँड सोडला तरी मॅकार्टनीचा पैसा क्लाइनच्याच हातून फिरणार होता. म्हणून 31 डिसेंबर 1970 ला त्यानं लंडनच्या कोर्टात भागीदारी मोडण्याचा दावा लावला. मार्च 1971 मध्ये कोर्टानं व्यवहार सांभाळायला रिसीव्हर, म्हणजे तटस्थ व्यवस्थापक, नेमला; भागीदारी कायद्यानं संपायला 1975 उजाडलं.