११२ आणि ११३ च्या मधे

सोमवारी ताप चढला, तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो नाही. पावसाळ्यात फोंड्यात अर्धं गाव शिंकत असतं, त्यात आपली काय मोठी गोष्ट! पॅरासिटामोल आणि पेज, बस. बायको रोज म्हणायची, "अहो, दाखवून या." शनिवारी सांधे इतके दुखायला लागले की स्वतःच रिक्षा बोलावली.

तोवर वेर्ण्याच्या फॅक्टरीतून निरोप आला होता: आठवड्याभराचं मेडिकल सर्टिफिकेट आणा.

"डॉक्टर, तारीख सोमवारची घाला ना," मी लाडीगोडीने म्हणालो.

त्यांनी एक जाडजूड रजिस्टर उघडलं. प्रत्येक सर्टिफिकेटची त्यात नोंद, रुग्णाची सही, अंगावरची खूण. "सोमवारचा शेवटचा नंबर ११२. मंगळवारचा पहिला ११३. तुम्हाला यांच्या मधला कुठला देऊ?"

गणित माझं शाळेपासूनच कच्चं. तरी "११२ अ" म्हणून पाहिलं. ते हसलेही नाहीत. म्हणाले, "सोमवारी मी तुम्हाला पाहिलं नाही. पाहिलं असं लिहिलं तर तुमची रजा वाचेल आणि माझं रजिस्ट्रेशन जाईल."

मग त्यांनी तपासलं, रक्त काढायला पाठवलं. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. पुढे आयजीएम बघावं लागतं, कारण ती प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर रक्तात सापडू लागतात. संध्याकाळी रिपोर्ट आला: आयजीएम पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स खाली. आयुष्यात पॉझिटिव्ह म्हणून खूश झालेला मी बहुधा पहिलाच.

"यावरून नेमका सोमवार सिद्ध होत नाही," डॉक्टरांनी लगेच माझा आनंद आवरला, "पण ताप आजचा नाही, हे जुळतं."

सर्टिफिकेटवर तारीख शनिवारचीच पडली. खाली लिहिलं: 'रुग्णाच्या सांगण्यानुसार सोमवारपासून ताप. आज तपासणी केली. डेंग्यू. पुढे सात दिवस विश्रांतीचा सल्ला.' सांगितलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं. ओळखीची खूण म्हणून उजव्या कानामागचा तीळ. तो मला आहे हे मला पन्नाशीत कळलं.

सोमवार ते शुक्रवार कसा दाखवायचा, तेही त्यांनीच सुचवलं. औषधाच्या दुकानातलं मंगळवारचं बिल आणि सोमवारी सकाळी सुपरवायझरला पाठवलेला मेसेज अर्जाला जोडायचा. "मंगळवारी दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखवलं असतं, तर त्यांच्याकडे केसपेपरची प्रत मागता आली असती. मागितल्यापासून ७२ तासांत त्यांना ती द्यावीच लागते."

"दाखवलं असतं तर," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

बिल शोधायला तीन पिशव्या उपसल्या. ते कांद्याच्या टोपलीत सापडलं. मेसेज मात्र फोनमध्ये ठळक होता: 'सर, ताप आहे, येत नाही.' त्याखाली सुपरवायझरचा अंगठा.

ऑफिसने शनिवारपासूनची आजारपणाची रजा मंजूर केली. आधीच्या पाच दिवसांपैकी बिल आणि मेसेज बघून तीन दिवस धरले, दोन माझ्या हक्काच्या रजेतून कापले. ते दोन मी चतुर्थीसाठी राखले होते. बायकोने माटोळीचं सामान आणायची यादी त्याच दिवशी फ्रीजवर चिकटवली, आणि खाली लिहिलं: 'हे काम रविवारी.'