बाणस्तारीच्या पुलावरचं गाणं

संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी बायकोला म्हणालो, "हे ओळख बघू. ना ना नाऽऽ ना, मग जरा थांबतं, आणि मग एकदम वर. नानाऽऽऽ." ती किसमुरीसाठी सुकी सुंगटं निवडत होती. तिने हातातल्या सुंगटाचं डोकं मोडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोटात दुखतंय का?"

दोष तिचा नाही. माझा आवाज असा आहे की गुणगुणून गाणं शोधायची जी सोय फोनमध्ये असते, तिने माझं ऐकून आधी एक अरबी गाणं दाखवलं आणि दुसऱ्या वेळी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटलं. तिसऱ्यांदा मीच केला नाही.

झालं होतं असं. सकाळी फोंड्याहून पणजीला ऑफिसला जाताना बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. पाऊस धो धो. काचेवर वायपर डावीकडून उजवीकडे, आणि गाडीत एक गाणं चालू होतं, त्यात मधेच पेटीचा एक तुकडा आला. तो चढत गेला, वर जाऊन क्षणभर थबकला आणि वायपर परत फिरायला आणि पेटी खाली उतरायला एकच गाठ पडली. मी स्टीअरिंगवरचे हात काढून चक्क दाद दिली. तेवढ्यात बायकोचा फोन आला, गॅसचा सिलिंडर संपल्याचा. सिलिंडर लक्षात राहिला, गाणं गेलं.

पण मी निर्धास्त होतो. आपण जे ऐकतो ते सगळं फोन लिहून ठेवतो, असा माझा समज. संध्याकाळी उघडायचं, बघायचं, संपलं. दोन मिनिटांचं काम.

अॅप उघडलं. पहिल्याच पानावर Recently played. त्यात गाण्यांची यादी असेल म्हणून गेलो, तर तिथे चौकोनी चित्रं. एक माझा जुन्या मराठी गाण्यांचा मिक्स, एक धाकट्याची 'चिऊताई-काऊदादा' छापाची गाणी, एक नाट्यगीतांचा अल्बम, एक 'आईची भजनं', आणि मोठ्या चिरंजिवांचं काहीतरी, ज्याच्या चित्रात माणसाला डोकं नव्हतं. एकाच खात्यावर घरातली पाच माणसं जगतात, त्याचा हा कुटुंबफोटो. गाणं मात्र एकही नाही. ही जागा तुम्ही कोणतं गाणं ऐकलंत ते सांगत नाही. कोणत्या डब्यातून ऐकलंत ते सांगते. भाजीवाल्याने कोणती भाजी दिली हे विचारावं आणि त्याने टोपलीचा रंग सांगावा, तसं.

बरं, टोपली तर टोपली. माझी टोपली मला माहीत होती: जुन्या गाण्यांचा मिक्स. रोज तोच लावतो. तो उघडला, पन्नास गाणी, वरून खाली चाळली. एकही सकाळचं वाटेना. मग ध्यानात आलं की हे मिक्स म्हणजे आपण भरलेली बरणी नव्हे. अॅप तो स्वतः भरतं आणि अधूनमधून नव्याने भरतं. सकाळी जी पन्नास होती त्यातली संध्याकाळी किती उरली हे त्यालाच ठाऊक. सकाळच्या समुद्राचं पाणी संध्याकाळी मिरामारला जाऊन शोधण्यातला प्रकार.

इथे मोठे चिरंजीव मदतीला आले. मदत म्हणजे, जाता जाता खांद्यावरून वाकून म्हणाले, "बाबा, हे नाही. History बघा." दोन पडदे आत, माझ्या प्रोफाइलच्या चित्राखाली ते होतं. तिथे खरंच एकेक गाणं ओळीने, वर Today असा मथळा. मला इतका आनंद झाला की मी तिथेच चूक केली.

चूक अशी. यादीत नावं होती, पण मला नाव कुठे माहीत होतं? मला पेटी माहीत होती. म्हणून मी एकेका गाण्यावर बोट ठेवून ते वाजवून बघायला लागलो. पाऊस होता म्हणून आधी ज्याच्या नावात पाऊस, ढग, श्रावण असं काही ओलं आहे ते. दहा सेकंद ऐकायचं, नाही म्हणायचं, पुढचं. असं चौदा-पंधरा झाल्यावर परत यादीच्या डोक्याशी गेलो आणि बघतो तर काय, वरची सगळी ओळ माझीच. सात वाजून दहा मिनिटांपासून मी जे जे वाजवून बघितलं, ते सगळं त्या इतिहासात सर्वात वर जाऊन बसलेलं. सकाळ खाली खाली सरकत चाललेली. आपणच शोधायला गेलेल्या पायांनी चोराच्या पावलांवर चिखल तुडवावा तसं. त्यात दहा-दहा सेकंद ऐकलेल्या पावसाळी गाण्यांवरून अॅपने असा निष्कर्ष काढला की या गृहस्थाला पावसाने झपाटलंय. पहिलं पान ढगांच्या चित्रांनी भरून गेलं.

"आधी स्क्रीनशॉट काढायचे ना," चिरंजीव म्हणाले. "खालपर्यंत स्क्रोल करून तीन-चार. मग वाजवायचं. आणि वाजवताना हे चालू ठेवायचं." आणि त्यांनी सेटिंगमधलं ते खाजगी ऐकण्याचं बटण दाबून दिलं. ते चालू असताना ऐकलेलं नोंदीत जात नाही. मी म्हटलं हे मला सात वाजता सांगायचं होतंस. तो म्हणाला, सात वाजता तुम्ही नानाना करत होतात.

स्क्रीनशॉट काढले. चार झाले. आता माझ्याकडे सबंध दिवसाची गाणी होती, बायकोच्या दुपारच्या मालिकांच्या शीर्षकगीतांसकट. पण एक अडचण उरली. या यादीला दिवस कळतो, वेळ कळत नाही. Today म्हणजे पहाटे पाचपासून आत्तापर्यंत सगळा एकच गोळा. यातली सकाळ कुठे सुरू झाली आणि पूल कुठे आला?

इथे मी स्वतःवर खूश होण्यासारखी एकच गोष्ट केली. कागद घेतला. गाण्याची वेळ मला माहीत नव्हती, पण त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींची माझ्या फोनला माहीत होती. फर्मागुडीला पेट्रोल भरलं त्याचा बँकेचा मेसेज: 8 वाजून 28. बायकोचा सिलिंडरचा फोन, कॉलच्या यादीत: 8 वाजून 47, चार मिनिटं. गाणं फोनच्या आधी चालू होतं आणि फोननेच तुटलं. म्हणजे जे गाणं सुरू झालं 8.28 नंतर आणि 8.47 ला अर्धवट राहिलं, ते. एरवी घरातल्या गहाळ चष्म्यासाठीही मी इतका विचार करत नाही.

वेळेची नोंद हवी तर अॅपच्या आत नाही, खात्याच्या अॅक्टिव्हिटीच्या पानावर मिळते, हे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन केल्यावर कळलं. (त्याने आधी विचारलं, "कुणाचं काही पकडायचंय का?") माझ्या खात्यावर तिथे प्रत्येक गाण्यासमोर तास-मिनिट लिहिलेलं होतं. मी बोट खाली खाली नेत गेलो. दुपार, मालिका, माझा मिक्स. मिक्समधलं पहिलं गाणं 8 वाजून 52 ला. म्हणजे फोन ठेवल्यावर.

हे बघून मी जरा चक्रावलो. मला शपथेवर आठवत होतं की फोंड्यापासून मिक्सच चालू होता. पण कागद सांगत होता की मिक्स मी पुलावर, सिलिंडरनंतर लावला. मग त्याआधी काय वाजत होतं?

8.41 ची ओळ होती. त्याच्या खाली 8.34, त्याखाली 8.27, अशी सहा-सात मिनिटांच्या अंतराने पायरी. सगळीकडे एकच डबा: 'आईची भजनं'.

मी संध्याकाळपासून तीनदा त्या चौकोनावरून बोट फिरवून पुढे गेलो होतो. ते आपलं असूच शकत नाही, या एका खात्रीवर. आणि झालं काय होतं, तर मी आंघोळीला गेलो की आई माझा फोन घेऊन ओट्यावर ठेवते, साईबाबांच्या तसबिरीला टेकून, आणि भजनं लावते. मी निघताना तो खिशात टाकतो. गाडी चालू झाली की ब्लूटूथ जोडलं जातं, आणि गाडी आपल्याला न विचारता जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करते. मी आवाज बारीक ठेवून मनात ऑफिसच्या फायली चाळत होतो, आणि रांगेत थांबल्यावर कान मोकळे झाले तेव्हा आईच्या यादीतलं चौथं भजन चालू होतं.

8.41 ची ओळ दाबली. खाजगी बटण चालू आहे ना ते दोनदा बघून. एक अभंग. दुसऱ्या चरणापर्यंत काहीच नाही, टाळ आणि पखवाज. मग तिसऱ्याच्या आधी पेटी निघाली, चढली, वर जाऊन थबकली.

"हेच!" मी ओरडलो. बायको सुंगटाचं ताट घेऊन बाहेर आली. आई देवघरातून वाती वळत आली. मी फोन पुढे धरला, आवाज मोठा केला, आणि सगळी शोधाशोध सकाळच्या पेट्रोलपासून सांगितली.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, हें रोज लागता. पांच वर्सां जालीं."

"मग मला कधी ऐकू कसं आलं नाही?"

"कशें येतलें? तेन्ना तुज्या न्हाणयेंत नळ चालू आसता आनी हांगा मिक्सर."

बायको म्हणाली, "सिलिंडरचं काय झालं ते आधी सांगा."

सिलिंडर मी बुक केला नव्हता.