"ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही" म्हणजे नक्की कोणाचा हप्ता नाही?

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात एकोणीस वर्षं काढली आहेत. तरीही 2017 साली माझ्या मावसबहिणीने फोन करून विचारलं, "अरे, वीस टक्के भरायचे, बाकी बँक देणार आणि ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डर भरणार, घेऊ का?" तेव्हा मी म्हणालो, "घे की, वाईट काय आहे त्यात?" करारनामा मागवून वाचला नाही. ही पोस्ट थोडी त्या अपराधी भावनेतून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी दोन शब्द सरळ करून घेऊ, कारण बँकेत येणाऱ्या दहांतल्या सात जणांचा इथेच घोळ असतो. इमारत बांधकामात असताना बँक सगळं कर्ज एकदम देत नाही, टप्प्याटप्प्याने देते. जेवढं दिलं तेवढ्यावरचं नुसतं व्याज दर महिन्याला भरायचं, तो प्री-ईएमआय. त्यात मुद्दलाचा एक रुपयाही नसतो. दहा वर्षं प्री-ईएमआय भरलात तरी कर्ज पहिल्या दिवशी होतं तेवढंच राहतं. पूर्ण ईएमआयमध्ये व्याज आणि मुद्दल दोन्ही असतं. बऱ्याच बँका बांधकाम चालू असतानाही तो सुरू करून देतात, पण तुम्ही मागितला तर. फॉर्मवर दोन चौकोन असतात आणि एजंट बहुतेक वेळा प्री-ईएमआयवर टिक करून मोकळा होतो, कारण हप्ता लहान दिसला की गिऱ्हाईक खूश.

आता ताईचं, म्हणजे त्याच मावसबहिणीचं प्रकरण. पुण्याच्या पूर्वेकडचा प्रकल्प, बिल्डरचं आणि फायनान्स कंपनीचं नाव घेत नाही. फ्लॅट 60 लाखांचा. 12 लाख ताई आणि भाऊजींनी भरले, 48 लाख एका हाउसिंग फायनान्स कंपनीने दिले, दर 8.75 टक्के, मुदत वीस वर्षं. (दर मधे थोडा खाली-वर झाला, हिशोब सोपा राहावा म्हणून तोच धरतो.) या कर्जाचा पूर्ण ईएमआय साधारण 42,400 आणि नुसतं व्याज महिन्याला बरोबर 35,000.

35,000 हा आकडा नीट बघा. ते 48 लाखांचं पूर्ण व्याज आहे, कारण कंपनीने पूर्ण 48 लाख ऑक्टोबर 2017 मध्येच बिल्डरच्या खात्यात टाकले. तेव्हा जागेवर काय होतं? जोतं. वर एकही स्लॅब नाही.

बिल्डरने तुमचं व्याज भरायच्या या योजनेला सबव्हेन्शन म्हणतात आणि तिची सगळी गोम इथे आहे. महाराष्ट्रात रेराच्या नमुना करारात पैसे देण्याचे टप्पे ठरवून दिलेत: करार झाल्यावर 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर 45, सगळे स्लॅब पडल्यावर 70, असं चढत जातं आणि शेवटचे पैसे ताब्याच्या वेळी. म्हणजे जोत्याला बिल्डरच्या हातात जास्तीत जास्त 27 लाख हवे होते. त्यातले 12 ताईचे, म्हणजे कर्जातून 15 लाख. त्याऐवजी त्याला पुरे 60 लाख मिळाले. बांधकामासाठी त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढलं असतं तर ते गृहकर्जाच्या दराने कुठलीच बँक देत नाही. इथे ताईच्या पगारपत्रकावर, ताईच्या सिबिलवर, स्वस्त गृहकर्जाच्या दराने पैसे मिळाले आणि बदल्यात त्याने फक्त व्याज भरायचं कबूल केलं. ही ग्राहकाला दिलेली सवलत नाही. बिल्डरचं कर्ज आहे, फक्त ते तुमच्या नावावर काढलेलं असतं.

आणि तेही फुकट नव्हतं. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला फ्लॅट 57 लाखांना पडला. हे ताईला पुढे सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. म्हणजे तीन लाख ताईने भावातच भरले होते.

बिल्डरने नोव्हेंबर 2017 पासून चौदा महिने व्याज भरलं. 4 लाख 90 हजार. त्यातले तीन लाख ताईचेच, हे ध्यानात घ्या. जानेवारी 2019 मध्ये फायनान्स कंपनीकडून ताईला मेसेज आला: आपला हप्ता थकलेला आहे. तिने बिल्डरच्या ऑफिसला फोन केला. "मॅडम, या महिन्यात थोडा प्रॉब्लेम आहे, पुढच्या महिन्यात दोन्ही टाकतो." पुढच्या महिन्यात फोन उचलणारी मुलगीच बदललेली. तोवर जागेवर बारांपैकी चार स्लॅब पडले होते आणि काम थांबलं होतं.

ताई फायनान्स कंपनीत गेली. तिथल्या साहेबांनी त्रिपक्षीय करार काढून तिच्याच सहीचं पान दाखवलं. त्यात साध्या भाषेत सांगायचं तर असं होतं: बिल्डर व्याज भरेल, पण त्याने नाही भरलं तर कर्जदाराने भरायचं, प्रकल्प रखडला, वाद झाला, काहीही झालं तरी कर्जदाराची जबाबदारी कायम. मी कर्ज विभागातला माणूस, मला यात नवीन काही नव्हतं. कर्ज ज्याच्या नावावर, नोटीस त्याला. बिल्डर हा त्या कर्जखात्यावर फक्त दुसऱ्याचं बिल भरणारा पाहुणा असतो, तो उठून गेला की बिल यजमानाकडे. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, सिबिलवर डाग, त्यामुळे ताईने मुकाट्याने भरायला सुरुवात केली. घरभाडं 16,000 आणि वर हे 35,000.

इथे एक तुलना करून बघा. तिने साध्या, टप्प्याटप्प्याच्या पद्धतीने घेतलं असतं तर चार स्लॅबला कर्जातून सुमारे 20 लाखच गेले असते आणि काम थांबलं त्या दिवशी प्री-ईएमआय असता साधारण 14,600. काम थांबलं की पुढचे पैसे जायचेही थांबतात. ग्राहकाच्या हातातला हा एकमेव लगाम आहे आणि सबव्हेन्शनमध्ये तो पहिल्याच दिवशी सोडून दिलेला असतो.

ताबा मिळाला मार्च 2022 अखेर. जानेवारी 2019 पासून 39 महिने ताईने भरले: 13 लाख 65 हजार. आणि मुद्दल? 48 लाख. जसंच्या तसं. भाऊजींना हे मी स्टेटमेंट समोर ठेवून सांगितलं तरी पटेना. ते म्हणाले, "अहो पण काहीतरी कमी झालं असेल ना?"

याहून वाईट गोष्ट मला कलम वाचल्यावर कळली. योजनेच्या पत्रात लिहिलं होतं: "24 महिने किंवा ताबा, जे आधी होईल ते." जाहिरातीवर "ताबा मिळेपर्यंत". म्हणजे बिल्डरने शब्द पाळला असता तरी त्याची जबाबदारी ऑक्टोबर 2019 ला संपत होती. त्याने बुडवले ते फक्त दहा महिने, साडेतीन लाख. उरलेल्या 29 महिन्यांचे 10 लाख 15 हजार योजनेच्या कागदाप्रमाणेसुद्धा ताईचेच होते. आणखी एक पळवाट असते: ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसताना "फिट-आउटसाठी ताबा" असं पत्र देऊन टाकायचं, की झाला ताबा, व्याज भरणं बंद. ओसी हा शब्द त्या कलमात लिहिलेला नसेल तर तुम्ही कशावर भांडणार?

ताईने जानेवारी 2019 मध्येच अर्ज देऊन पूर्ण ईएमआय सुरू करून घेतला असता तर? महिन्याला साधारण 7,400 जास्त गेले असते आणि ताब्याच्या वेळी मुद्दल सुमारे 3 लाख 33 हजारांनी कमी असतं. मला विचाराल तर पैसे जाणारच आहेत आणि इमारत उभी राहण्याची खात्री आहे, अशा वेळी पूर्ण ईएमआयच बरा. पण रखडलेल्या इमारतीत मुद्दल फेडत बसण्यापेक्षा मी ते 7,400 आवर्ती ठेवीत टाकेन आणि काम पुन्हा सुरू झालं की एकरकमी भरेन. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे मधे पैसा स्वतःच्या हातात ठेवण्यात तोटा थोडा आणि शांती जास्त.

"पण टॅक्समध्ये मिळतं ना?" हे हमखास विचारलं जातं. जुन्या करप्रणालीत बांधकाम काळातलं व्याज बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत वजावटीला मिळतं, खरंय. पण राहत्या घराला चालू वर्षाचं आणि हे जुनं मिळून मर्यादा दोन लाखांचीच. ताईचं चालू वर्षाचं व्याजच चार लाखांच्या वर होतं. जुन्या व्याजाला जागाच उरली नाही. आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर ही मर्यादा दोन लाखांवरून 30,000 वर येते. ताई त्यातून जेमतेम एका वर्षाने वाचली.

कोणी म्हणेल, नियम नव्हते का? होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की गृहकर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच द्या, आधी उचलून देऊ नका. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नॅशनल हाउसिंग बँकेने अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं ते जुलै 2019 मध्ये. ताईचं कर्ज मधल्या फटीतलं. दिल्लीकडे तर हजारो लोक यात अडकले. सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि बँकांच्या संगनमतावर बोट ठेवलं आणि जुलै 2025 मध्ये सीबीआयला 22 गुन्हे नोंदवायला परवानगी दिली.

आता तीच योजना नव्या कपड्यांत येते: बिल्डर बँकेला न देता तुमच्या खात्यात दरमहा व्याजाची रक्कम टाकतो. होर्डिंगवर वाक्य तेच. म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, कर्ज कोणत्या टप्प्यावर किती सुटणार, हे मंजुरीपत्रावर लिहून द्या. "एकदम" असं उत्तर आलं तर तिथेच उठा. दुसरी, व्याज भरण्याची जबाबदारी ओसीपर्यंत आहे की ठरावीक महिन्यांपर्यंत, आणि ते नोंदणीकृत करारनाम्यात आहे की बिल्डरच्या लेटरहेडवर. कर्ज आधीच घेतलं असेल तर स्टेटमेंटवरची पैसे सुटल्याची तारीख आणि महारेराच्या साइटवरची आर्किटेक्टची प्रमाणपत्रं शेजारी ठेवून बघा. पैसे पुढे आणि स्लॅब मागे असतील तर वाट बघू नका.

ताईने करारातल्या ताब्याच्या तारखेपासून, म्हणजे जानेवारी 2020 पासूनच्या विलंबाचं व्याज महारेराकडे मागितलं. स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारभूत दर, अधिक दोन टक्के, या दराने ते मंजूर झालं. बिल्डरने भरलं नाही म्हणून वसुलीचं प्रमाणपत्रही निघालं. ते सध्या तहसील कार्यालयात आहे. भाऊजी दर महिन्याला चौकशीला जातात.